शुल्क पावतीतून वजावटीची रक्कम कशी काढावी?

पाल्याच्या शुल्कावरील प्राप्तिकर वजावट पावतीतील एकूण रकमेवर मिळत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ८०सीनुसार जुन्या करप्रणालीत केवळ शिक्षण शुल्क, तेही दोन अपत्यांच्या भारतातील पूर्णवेळ शिक्षणाचे, ग्राह्य धरले जाते. विकास शुल्क, देणगी व बसभाडे त्यात मोडत नाही.

त्यामुळे प्रत्येक पावतीवरून भरणा दिनांक, सत्र, शुल्कशीर्ष व रक्कम असे चार रकाने करावेत. वर्ष ठरते ते भरणा दिनांकावरून, सत्रावरून नव्हे. समजा, एका पालकाने जून २०२४ मध्ये पहिल्या सत्राचे ४२,००० रुपये भरले. त्यात शिक्षण शुल्क ३०,०००, विकास शुल्क २,००० आणि बसभाडे १०,००० रुपये होते. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या सत्राचे शिक्षण शुल्क ३०,००० रुपये, तर मार्च २०२५ मध्ये पुढील इयत्तेचे आगाऊ ३३,००० रुपये भरले. २०२४-२५ साठी ग्राह्य रक्कम ९३,००० रुपये होते. आगाऊ भरलेली रक्कम पुढील वर्षी पुन्हा दाखविता येत नाही.

भविष्य निर्वाह निधी, विमा हप्ता आदींसह कलमाची एकत्रित मर्यादा दीड लाख रुपये आहे. पावतीवर एकच ठोक रक्कम असल्यास संस्थेकडून शीर्षनिहाय प्रमाणपत्र घ्यावे.