अमेरिकेच्या व्हिसा मुलाखतीत 'नुसतं फिरायला चाललोय' हे उत्तर का अडचणीत आणतं?

मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासात व्हिसाची मुलाखत खिडकीसमोर उभं राहून होते आणि बहुतेकदा काही मिनिटांतच संपते. फाइलभर कागद नेलेल्यांचा एकही कागद बघितला जात नाही, असंही होतं. अधिकाऱ्यासमोर तुमचा डीएस-१६० अर्ज उघडा असतो आणि तुमचं बोलणं त्याच्याशी जुळतंय का, हे तो पाहतो.

समजा, साताऱ्याचं एक जोडपं न्यू जर्सीत लेकीकडे चाललंय. तिची डिलिव्हरी जवळ आली आहे. 'बाळंतपणाचं बोललात तर व्हिसा नाकारतील' असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून आई म्हणते, "नुसतं फिरायला." पुढचा प्रश्न येतो, कुठे फिरणार? इथे ती अडखळते. खरं उत्तर सोपं होतं: "मुलीची डिलिव्हरी आहे, तिच्याजवळ राहायला चाललोय." आईने लेकीला मदत करणं हे लपवण्यासारखं कारण नाही. पैसे घेऊन काम करणं मात्र या व्हिसावर चालत नाही.

किती दिवस राहणार? अर्जात दोन महिने लिहिलंय आणि तोंडातून 'सहा महिने' निघालं, तर शंका येणारच. नातेवाईक सहा महिने राहून आलेत म्हणून तो आकडा सांगू नये. जेवढं ठरलंय तेवढंच सांगावं.

परत का येणार, हे थेट विचारलं नाही तरी प्रश्नांचा रोख तिकडेच असतो. कायद्यातल्या कलम २१४(बी) नुसार अर्जदाराला तिथेच स्थायिक व्हायचंय असं आधी गृहीत धरलं जातं. तसं नाही, हे त्याने पटवून द्यायचं असतं. "आमचं भारतावर प्रेम आहे" यातून काहीच कळत नाही. "यांचं किराणा दुकान आहे, सध्या मुलगा बघतोय" एवढं पुरतं. पुढचं विचारलं तरच सांगावं. घाबरलेला माणूस शांतता सहन न होऊन बोलत राहतो आणि गोंधळ तिथेच होतो. अधिकारी टाइप करत असेल तर करू द्यावं.

मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते. मोडक्या इंग्रजीपेक्षा ते केव्हाही बरं. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगाल का?" असं विचारावं, अंदाजाने 'येस' म्हणू नये. तारीख आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. चुकीचं बोललं गेलं तर तिथेच थांबून दुरुस्त करावं, अर्जातली चूकही आपणहून सांगावी.

२१४(बी) खाली नकार मिळाला तर अपील नाही, पण पुन्हा फी भरून अर्ज करता येतो. महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितल्याचं ठरलं, तर मात्र अमेरिकेचे दरवाजे कायमचे बंद होऊ शकतात.