व्हॉट्सॲपवरच्या गप्पांमधून ऑफिसचा मेडिकल क्लेम कसा बनवायचा? इंदिरानगरच्या एका घराचा हिशोब

घरातल्या आजारपणाचा खर्च बहुतेक वेळा वहीत लिहिलेला नसतो. तो नवरा-बायकोच्या चॅटमध्ये विखुरलेला असतो. वर्ष संपत आलं आणि एचआरचा 'मेडिकल बिलं जमा करा' असा मेल आला, की तेच चॅट वर सरकवून आकडे शोधले जातात. पण चॅटमधला आकडा आणि ऑफिसकडून परत मिळणारा आकडा यात बराच फरक पडतो. तो कुठे पडतो, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण काल्पनिक आहे. नाशिकच्या इंदिरानगरात राहणारं एक कुटुंब. नवरा अंबड एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला. घरात बायको, एक मुलगा आणि नवऱ्याची आई. फेब्रुवारीत त्यांच्या चॅटवर असं बोलणं झालं:

"परवा पिल्लूला दाखवलं ना, डॉक्टरांनी सहाशे घेतले. औषधं साडेआठशेच्या आसपास."
"डेंग्यूची टेस्ट पण केली होती. ती बाराशे. निगेटिव्ह आली, सुटलो."
"माझा चष्मा बेचाळीसशेला पडला. तुझ्या दाताचे दीड-दीड हजार तीनदा दिले."
"आणि माझ्या पाठीच्या फिजिओथेरपीचे चारशे, तीनदा. पावती नाही घेतली, जीपे केलं होतं."
"आईंच्या शुगरच्या गोळ्या अकराशेच्या. त्या पण टाक ना क्लेममध्ये."

मेडिकलचं बिल ८६० रुपयांचं निघालं. ते धरून एकूण खर्च होतो १३,६६० रुपये.

आधी पॉलिसी, मग बिलं

चॅट उघडण्याआधी कंपनीची पॉलिसी वाचावी लागते, कारण कोणतं बिल शोधायचं हे तीच ठरवते. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असतात. या उदाहरणातले नियम असे धरू:

- आर्थिक वर्षात जास्तीत जास्त १५,००० रुपये. या घराने त्यातले ६,५०० आधीच घेतले आहेत, म्हणजे शिल्लक ८,५००.
- कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं यांचाच खर्च चालेल. आईवडील यात नाहीत.
- डॉक्टरांची फी एका भेटीला ५०० रुपयांपर्यंत.
- औषधं आणि तपासण्यांचा प्रत्यक्ष खर्च, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. प्रोटीन पावडर, साबण, क्रीम चालणार नाही.
- चष्म्याला दोन वर्षांतून एकदा ३,००० रुपये.
- बिलाच्या तारखेपासून ६० दिवसांत क्लेम जमा झाला पाहिजे.

म्हणजे मर्यादा तीन प्रकारच्या आहेत. एक माणसावर, दुसरी प्रत्येक खर्चावर आणि तिसरी पूर्ण वर्षावर. त्या याच क्रमाने लावायच्या. सुरुवातच वार्षिक मर्यादेपासून केली तर कोणतं बिल मुळात बसतं आणि कोणतं नाही, हे कळतच नाही.

चॅटमधलं वाक्य क्लेमची ओळ कसं होतं?

क्लेमच्या प्रत्येक ओळीत पाच गोष्टी लागतात: रुग्ण कोण, बिलाची तारीख, बिल नंबर, खर्च कशाचा आणि रक्कम. चॅटमध्ये यातल्या दोन-तीनच असतात, आणि त्याही मोघम. 'परवा' म्हणजे नेमका कोणता दिवस, 'साडेआठशेच्या आसपास' म्हणजे नेमके किती, हे बिलच सांगतं. चॅट आणि बिल यात फरक असेल तर बिलावरचाच आकडा लिहायचा. चॅटचा उपयोग एवढाच, की कोणकोणती बिलं शोधायची याची यादी मिळते.

बिल म्हणजे काय, याबद्दलही गोंधळ होतो. यूपीआयचा स्क्रीनशॉट हा पैसे दिल्याचा पुरावा आहे. ते पैसे कशाचे, हे त्यावरून कळत नाही. मेडिकलच्या बिलावर बिल नंबर, रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषधाचा बॅच नंबर आणि दुकानाचा परवाना क्रमांक असतो. घाईत घेतलेल्या बिलावर रुग्णाच्या नावाची जागा बऱ्याचदा कोरी राहते. क्लेम परत येण्याचं हे नेहमीचं कारण. ते टाळायचं तर काउंटरवर उभं असतानाच नाव घालून घ्यावं.

उदाहरणातली प्रत्येक ओळ

हा क्लेम ६ मार्चला जमा होतोय असं धरू.

१. मुलाच्या डॉक्टरांची फी, ६०० रुपये. मर्यादा ५०० ची असल्याने ५०० धरायचे.

२. मुलाची औषधं, ८६० रुपये. बिल उघडलं तर त्यात ३१० रुपयांचा प्रोटीन पावडरचा डबाही आहे. तो आपणच वजा करून ५५० लिहायचे. पूर्ण ८६० लिहिले तर अकाउंट्स विभाग तो डबा शोधणारच, आणि मग बाकीच्या ओळीही बारकाईने तपासल्या जातील.

३. डेंग्यूची तपासणी, १,२०० रुपये. डॉक्टरांची चिठ्ठी आणि लॅबची पावती जोडली की पूर्ण रक्कम बसते. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून खर्च नामंजूर होत नाही.

४. बायकोचा चष्मा, ४,२०० रुपये. यातले ३,००० मिळतील. नंबर तपासल्याची चिठ्ठी सोबत हवी.

५. नवऱ्याचं रूट कॅनाल, ४,५०० रुपये. इथे तारखेची अडचण येते. प्रत्येकी १,५०० च्या तीन पावत्या आहेत: २८ डिसेंबर, १० जानेवारी आणि २४ जानेवारी. ६ मार्चला पहिल्या पावतीला ६८ दिवस झालेले असतात, म्हणजे ती बाद. दुसरीला ५५ दिवस झालेत, ती थोडक्यात वाचली. म्हणून ३,००० धरायचे. उपचार लांबणार असेल तर शेवटच्या भेटीची वाट न पाहता आधीच्या पावत्या जमा केलेल्या बऱ्या.

६. फिजिओथेरपी, १,२०० रुपये. पावती नाही, पण क्लिनिककडून ती मागता येते. पावतीवर आजची तारीख असावी आणि 'अमुक तीन तारखांच्या उपचारांचे' असा उल्लेख असावा. मागची तारीख टाकून घेतलेली पावती नको. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सुचवल्याची चिठ्ठीही लागेल. ही कागदं आली असं धरून १,२०० लिहू.

७. आईच्या गोळ्या, १,१०० रुपये. पॉलिसीत आई नाही, म्हणून शून्य.

सातव्या ओळीत मोह होतो. मेडिकलवाल्याला सांगून बिलावर नवऱ्याचं नाव टाकून घेतलं तर? पण मधुमेहाच्या गोळ्या आणि कर्मचाऱ्याच्या नावाची चिठ्ठीच नाही, हे तपासणाऱ्याच्या सहज लक्षात येतं. कंपनीच्या पैशांबाबत केलेली फसवणूक हे स्थायी आदेशांनुसार गैरवर्तन ठरतं आणि त्यावर खातेनिहाय चौकशी होऊ शकते. अकराशे रुपयांसाठी नोकरीच पणाला लागते.

शेवटचा आकडा

बसणाऱ्या रकमांची बेरीज: ५०० + ५५० + १,२०० + ३,००० + ३,००० + १,२०० = ९,४५० रुपये. वर्षाची शिल्लक मर्यादा ८,५००. म्हणून क्लेम ८,५०० रुपयांचा.

मग ९५० रुपयांची बिलं काढून टाकायची का? नाही. सहाही ओळी जोडाव्यात आणि मागणी ८,५०० ची करावी. एखादी ओळ नामंजूर झाली तर ती कसर बाकीच्या ओळींतून भरून निघते. इथे फिजिओथेरपीची चिठ्ठी नाकारली गेली असं समजा. उरतात ८,२५० रुपये, म्हणजे नुकसान फक्त २५० चं. बिलं आधीच कमी केली असती तर ते वाढलं असतं.

अर्ज एवढाच पुरतो:

"मा. मनुष्यबळ विभाग,
चालू आर्थिक वर्षातील माझ्या व कुटुंबाच्या वैद्यकीय खर्चाची बिले सोबत जोडली आहेत. नियमानुसार पात्र रक्कम ९,४५० रुपये असून माझी शिल्लक वार्षिक मर्यादा ८,५०० रुपये आहे. त्यानुसार ८,५०० रुपये मंजूर करावेत, ही विनंती. ही बिले इतर कोणत्याही विमा योजनेत सादर केलेली नाहीत."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. एकाच बिलाचे पैसे कंपनीकडूनही आणि मेडिक्लेममधूनही घेता येत नाहीत. घरातलं कोणी रुग्णालयात दाखल झालं असेल, तर दाखल होण्याआधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांची औषधं व तपासण्या अनेक मेडिक्लेम पॉलिसींमध्ये धरल्या जातात. अशी बिलं विम्याकडे दिली तर कंपनीची वार्षिक मर्यादा छोट्या खर्चांसाठी शिल्लक राहते.

या पैशांवर कर लागतो का?

हो, आता लागतो. पूर्वी बिलं दाखवली की कंपनीने परत केलेले वर्षाला १५,००० रुपयांपर्यंतचे पैसे करमुक्त असायचे. अनेकांच्या पगारपत्रकात दिसणारा महिन्याला १,२५० रुपयांचा वैद्यकीय भत्ता त्याच आकड्यावरून आला आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पाने ही सवलत काढली आणि वाहतूक भत्त्याची सवलतही काढून दोन्हींच्या जागी ४०,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणली. त्यामुळे वरचे ८,५०० रुपये पगारात धरले जातील आणि ज्याला कर लागू आहे त्याच्या हातात थोडे कमी येतील. सरकारी रुग्णालयातल्या उपचारांच्या प्रतिपूर्तीला मात्र वेगळी सवलत आहे.

हे सगळ्यांना लागू आहे का?

नाही. ज्या कामगारांचं मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि ज्यांची कंपनी ईएसआय योजनेत येते, त्यांच्या उपचारांची सोय त्या योजनेतून होते. नाशिकमध्ये तिचं रुग्णालय सातपूरला आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची प्रतिपूर्ती १९६१ च्या वैद्यकीय देखभाल नियमांनुसार होते आणि त्यांची बिलं जिल्हा शल्यचिकित्सकांकडून तपासून घ्यावी लागतात.

उदाहरणातल्या घराने १३,६६० खर्च केले आणि ८,५०० मागितले. यातले पावतीचे १,५०० रुपये निव्वळ उशिरामुळे बुडाले. तरी वर्षाची मर्यादा आधीच भरत असल्याने या वेळी त्याने अंतिम आकडा बदलला नाही. मर्यादा शिल्लक असती, तर तेवढे पैसे खिशातून गेले असते.