ईएसबीएल जिवाणूंमुळे होणारा मूत्रमार्गसंसर्ग

ईएसबीएल जिवाणूंमुळे होणारा मूत्रमार्गसंसर्ग हा प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या आतड्यातील जिवाणूंमुळे होणारा आजार आहे. बहुतेक वेळा ई. कोलाय हा जिवाणू त्यास कारणीभूत असतो. तो क्लेब्सिएल्ला या जिवाणूमुळेही होतो.

कारण

हे जिवाणू 'एक्स्टेंडेड स्पेक्ट्रम बीटा-लॅक्टमेज' नावाचे विकर तयार करतात. पेनिसिलिन आणि सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांसारख्या औषधांच्या रेणूतील बीटा-लॅक्टम वलय हे विकर फोडते, त्यामुळे औषध निष्प्रभ ठरते. त्याचे जनुक प्लाझ्मिडवर असल्याने एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाते. सीटीएक्स-एम-१५ या जगभर पसरलेल्या प्रकाराचे पहिले वर्णन २००१ साली भारतातील जिवाणूंवरून करण्यात आले.

तोंडावाटे घ्यावयाची औषधे

संसर्ग मूत्राशयापुरता मर्यादित असल्यास दोन औषधे उपयोगी पडतात. त्यांच्या रचनेत बीटा-लॅक्टम वलय नसल्याने हे विकर त्यांना फोडू शकत नाही. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पुडी पाण्यात विरघळवून एकदाच घेतात. ई. कोलायवर ती बहुधा लागू पडते. क्लेब्सिएल्लामध्ये मात्र हे औषध निकामी करणारे वेगळे जनुक असते, म्हणून तेथे तिचा भरवसा कमी असतो. नायट्रोफ्युरँटॉइनची १०० मिलिग्रॅमची मंदगतीने विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा, जेवणासोबत, ५ दिवस देतात. मूत्रपिंडाचे कार्य फार मंदावलेले असल्यास व प्रसूतीची वेळ जवळ आलेली असल्यास ती टाळतात.

इंजेक्शन केव्हा लागते

ही दोन्ही औषधे मूत्रात दाट प्रमाणात उतरतात, परंतु रक्तात व मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेशी पोहोचत नाहीत. म्हणून थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या किंवा रक्तदाब घसरणे ही लक्षणे असल्यास मेरोपेनेम अथवा एर्टापेनेम शिरेतून देतात. एर्टापेनेम दिवसातून एकदाच द्यावे लागते. पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम अहवालात लागू दिसले तरी रक्तात पसरलेल्या संसर्गात ते मेरोपेनेमची जागा घेऊ शकत नाही, असे २०१८ च्या मेरिनो चाचणीत दिसून आले.

उदाहरण

समजा, मुळशी तालुक्यातील पौड येथील ५२ वर्षांच्या स्त्रीला लघवीच्या वेळी जळजळ होते, पण ताप नाही. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय वाढला, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन निरुपयोगी, नायट्रोफ्युरँटॉइन लागू, क्रिअ‍ॅटिनिन सामान्य. येथे ५ दिवसांच्या गोळ्या पुरतात. तिसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला व कूस दुखू लागली, तर गोळी अहवालात लागू असूनही अपुरी ठरते, कारण संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असतो. अशा वेळी रक्ताचे कल्चर पाठवून इंजेक्शन सुरू करतात. ताप उतरल्यावर, अहवालानुसार को-ट्रायमोक्सॅझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन लागू असेल, तर उरलेला उपचार गोळ्यांनी पूर्ण करता येतो.

कोणतेही लक्षण नसताना केवळ कल्चरमध्ये असे जिवाणू आढळले, तर गर्भवती स्त्रिया व मूत्रमार्गावरील शस्त्रक्रियेचे रुग्ण वगळता सहसा उपचार करीत नाहीत.