न लिहिलेली मागणी : मराठेकालीन पत्रव्यवहारातील सूचकता आणि क्षिप्रातीराचा प्रसंग

मराठेकालीन मोडी पत्रांच्या अखेरीस ‘बहुत काय लिहिणे’, ‘आपण सुज्ञ असा’ अशी वाक्ये हमखास आढळतात. बहुतांश ठिकाणी तो केवळ लेखनाचा प्रघात असतो. त्यामुळे अशा प्रत्येक वाक्यात गर्भितार्थ शोधणे अभ्यासकाची दिशाभूल करणारे ठरते. खरी सूचना पत्राच्या घडणीत असते. फौजेची उपासमार आणि सावकारांचा तगादा तपशिलाने सांगावा, पण पैशाची मागणी मात्र करू नये, आणि उरलेले पत्र नेणारा ‘मुखजबानी’ सांगेल असे लिहावे, ही त्या काळची रीत होती. कागदावर मागणी नसल्यामुळे नकाराचाही कागद होत नसे. अशा वेळी पत्र वाचणाऱ्याने ‘नेमके काय हवे?’ असे विचारणे हा अडाणीपणाच ठरे.

या रीतीचा कस १७६७ मध्ये लागला. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे सासरे मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये निवर्तले. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी दत्तकाचा पर्याय पुढे केला व राघोबादादांना अनुकूल करून घेतले. दादा फौजेनिशी माळव्यात उतरले. होळकरी दौलत ताब्यात घेण्याचा हेतू उघड होता. तो कोणी उच्चारला मात्र नाही.

रूढ वृत्तांतानुसार, क्षिप्रेच्या पैलतीरी तुकोजी होळकरांची फौज सज्ज पाहून दादांनी कळविले की आपण मालेरावांच्या दुखवट्यासाठी आलो आहोत. हे निमित्त लटके आहे हे दोन्ही तीरांवर ठाऊक होते. तरीही होळकरांकडून त्याचा इन्कार झाला नाही. दुखवट्याला येणाऱ्यास फौज कशाला, पालखीतून यावे, एवढेच उत्तर गेले. उत्तराने दादांचा शब्द खरा मानला आणि त्या शब्दाला साजेसे वर्तन तेवढे मागितले. दौलतीचा विषय काढला असता तर पेशव्यांच्या चुलत्याला एक तर कबुली द्यावी लागली असती किंवा लढावे लागले असते. दोहोंतही परतीची वाट बंद होती.

मात्र या सौजन्याचे श्रेय केवळ शब्दचातुर्याला देणे भाबडेपणाचे होईल. अहिल्याबाईंनी आधीच इतर सरदारांना मदतीसाठी लिहिले होते आणि माधवराव पेशव्यांचा कौलही त्यांच्या बाजूने होता. हे बळ पाठीशी नसते, तर तेच उत्तर दुबळ्याची विनवणी म्हणून वाचले गेले असते. शिवाय संवादाचे हे शब्द उत्तरकालीन कथनातून आलेले आहेत. ते अस्सल पत्रांतील उतारे म्हणून वापरता येणार नाहीत.

दादा मोजक्या माणसांनिशी पालखीतून आले आणि होळकरांचे पाहुणे म्हणून राहिले. पुढे पेशव्यांच्या संमतीने सरदारी तुकोजींकडे आली व कारभाराची सूत्रे अहिल्याबाईंच्या हाती राहिली.