एन्रॉनचे दोन कागद: हेतू कोणता, बंधन कोणतं?

विंझरला जमिनीची नुसती बोलणी झाली आणि इसार दिला, यातला फरक तुम्हाला सांगायला नको. दाभोळ प्रकरणातही असेच दोन कागद आहेत. २० जून १९९२ला राज्य वीज मंडळ आणि एन्रॉन यांचा सामंजस्य करार झाला. तो मुख्यतः हेतूचा: पुढच्या मंजुऱ्या मिळाल्या तर वीज घेऊ. खरं बंधन आलं डिसेंबर १९९३च्या वीजखरेदी कराराने. वीज घ्या, न घ्या, क्षमतेचा आकार द्यायचाच! म्हणून ऑगस्ट १९९५मध्ये युती सरकारने प्रकल्प रद्द करताच कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली. माझ्या मते गफलत आधीच झाली होती: हेतूच्या कागदालाच लोक सौदा समजून बसले. वाचताना क्रियापद बघा, ‘देईल’ की ‘देण्याचा विचार आहे’?