जोखमीचे कूळ आणि मुदत

प्रकल्पाच्या जोखीम नोंदवहीत पन्नास-साठ नोंदी जमल्या की खरी पंचाईत सुरू होते. सगळ्यांवर एकाच वेळी पैसा आणि माणसे लावता येत नाहीत. मग आधी कशाला हात घालायचा? रूढ उत्तर असे, की जोखीम घडण्याची शक्यता आणि घडलीच तर होणारा परिणाम यांना अंक द्यावेत, त्यांचा गुणाकार करावा आणि मोठ्या आकड्यापासून खाली यावे. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. त्या आकड्यात जोखीम कुठून उगवली हे दिसत नाही, आणि उपाय करायला किती दिवस उरले आहेत हेही दिसत नाही. पहिल्या प्रश्नासाठी रिस्क ब्रेकडाउन स्ट्रक्चर, म्हणजे आरबीएस, आले आणि दुसऱ्यासाठी तातडीची पारख, म्हणजे रिस्क अर्जन्सी असेसमेंट. आज ही दोन साधने पाठ्यपुस्तकाच्या एकाच प्रकरणात नांदतात, पण त्यांची कुळे वेगळी आहेत. ती कुळे ध्यानात घेतली नाहीत तर तातडीच्या रकान्यात जे भरले जाते ते बहुधा भलतेच असते, असे माझे म्हणणे आहे.

आरबीएसचे मूळ जोखमीच्या शास्त्रात नाही, कामाच्या विभागणीत आहे. अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामात १९५८च्या सुमारास पर्ट ही वेळापत्रकाची पद्धत घडली. १९६२ मध्ये अमेरिकी संरक्षण खाते आणि नासा यांनी मिळून जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात अवघे काम टप्प्याटप्प्याने लहान तुकड्यांत उतरवत नेणारी वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चरची कल्पना होती. १९६८ मध्ये ती मिल-स्टँडर्ड ८८१ या लष्करी मानकात पक्की झाली. जोखमींना अशीच उतरती मांडणी देण्याचा मोठा प्रयत्न पुढे सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने १९९३ मध्ये जोखमींचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. वर तीन वर्ग, खाली तेरा घटक, त्याखाली चौसष्ट गुणधर्म, आणि प्रत्येकाला जोडलेले प्रश्न. हेतू एकच होता: मुलाखत घेताना कुठला कोपरा नजरेतून सुटू नये. २००२ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ डेव्हिड हिलसन यांनी सॅन अँटोनिओ येथील प्रकल्प व्यवस्थापकांच्या परिषदेत हे दोन प्रवाह एकत्र आणले. कामाची विभागणी जशी हाती काय येणार यावरून होते, तशी जोखमींची विभागणी ती कुठून येते यावरून व्हावी, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. दोनच वर्षांनी प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पिंबॉक या मार्गदर्शकाच्या तिसऱ्या आवृत्तीत आरबीएसचा नमुना छापून आला: तांत्रिक, बाह्य, संस्थांतर्गत आणि प्रकल्प व्यवस्थापन अशा चार फांद्यांचा.

म्हणजे जन्मतः हे साधन शोधण्याचे आहे, क्रम लावण्याचे नाही. एका फांदीवर वीस नोंदी लटकल्या म्हणून ती फांदी सर्वांत धोक्याची ठरत नाही. कदाचित बैठकीला अभियंते जास्त होते आणि कायद्याचा जाणकार कुणी नव्हता, एवढाच त्याचा अर्थ असेल. रिकामी फांदी तर अधिक संशयास्पद. ती जोखीम नसल्याची खूण असते किंवा कुणी विचारलेच नाही याची, आणि दुसरी शक्यताच जास्त. नोंदींची संख्या न मोजता फांदीवरच्या शक्यता-परिणामाच्या अंकांची बेरीज पाहावी, हा हिलसन यांचा मार्ग बरा. पण त्या बेरजेतूनही आज काय करायचे आणि पुढल्या तिमाहीत काय, हे ठरत नाही.

त्यासाठी दुसऱ्या कुळाकडे वळावे लागते. बॅरी बोहम यांनी १९९१ मधील लेखात जोखमीचे माप म्हणून शक्यता आणि नुकसान यांचा गुणाकार सॉफ्टवेअरवाल्यांपुढे ठसठशीत मांडला. त्याच सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटच्या १९९६च्या मार्गदर्शिकेत परिणाम आणि शक्यता यांच्या जोडीला तिसरा गुण आला: कालावधी. त्याची व्याख्या मोलाची आहे. जोखीम कधी घडेल तो काळ नव्हे, तर ती आटोक्यात ठेवण्यासाठी कृती कधी करावी लागेल तो काळ. २००४च्या पिंबॉकमध्ये हीच जाणीव तातडीची पारख या नावाने आली. उपाय अमलात यायला लागणारा वेळ, पूर्वखुणा आणि जोखमीची श्रेणी या तीन गोष्टी पाहाव्यात असे तिथे म्हटले होते. ब्रिटनमधल्या प्रिन्स-टू परंपरेत मात्र भर निकटतेवर, म्हणजे घटना किती जवळ आली आहे यावर राहिला. व्यवहारात दोन्हींची सरमिसळ झाली. २०१७च्या सहाव्या आवृत्तीने अखेर तातडी आणि निकटता यांच्या वेगळ्या व्याख्या दिल्या, पण आणखी सात गुणांच्या रांगेत बसवून. गळती सुरू होते मृगाच्या पहिल्या सरीला, पण कौले शाकारायची मुदत संपते त्याच्या आधीच. निकटता पावसाची असते आणि तातडी शाकारणीची. ज्या नोंदवहीत एकाच रकान्यात या दोन्ही भरल्या जातात, तिथे ढग दिसेपर्यंत सारे निवांत असते.

हा फरक किती महाग पडतो हे डेन्व्हरच्या विमानतळावर दिसले. सामानाची वाहतूक संपूर्ण विमानतळासाठी एकाच स्वयंचलित यंत्रणेने करायची, रुळांवरून धावणाऱ्या हजारो संगणक-नियंत्रित गाड्यांनी, असे तिथे ठरले. ठरले ते उशिरा: इमारतींची आखणी होऊन बांधकाम सुरू झाल्यावर. १९९१ मध्ये निविदा मागवल्या तेव्हा आलेल्या तीन प्रस्तावांपैकी एकही ठरल्या दिवशी काम पुरे करू शकत नव्हता. तरीही एप्रिल १९९२ मध्ये करार झाला आणि उद्घाटनाची तारीख राहिली ३१ ऑक्टोबर १९९३. आता तातडीचा हिशेब उलटा मांडून पाहू. त्याच सुमारास म्युनिकमध्ये उभ्या राहिलेल्या, तुलनेने साध्या यंत्रणेची चाचणी दोन वर्षे चालली होती, त्यातले सहा महिने ती रात्रंदिवस चालवून पाहिली होती. दोन वर्षे ३१ ऑक्टोबर १९९३ मधून वजा केली की ऑक्टोबर १९९१ येतो. चाचणी पुरेशी करणे हा उपाय धरला, तर त्याची मुदत करारावर सह्या होण्याच्या सहा महिने आधीच टळून गेली होती. शक्यता-परिणामाच्या तक्त्यात ही जोखीम १९९१ मध्येही लाल दिसली असती, १९९२ मध्येही आणि १९९३ मध्येही. रंग तोच राहिला असता, आणि उपायाचे दार मधल्या काळात बंद झाले हे त्या रंगावरून कुणालाच कळले नसते.

पण हिशेब इथे संपत नाही. दुसराही उपाय होता: पट्टे आणि ओढगाड्यांची जुनी, माहितीची यंत्रणा हाताशी ठेवणे. प्रत्यक्षात तो निर्णय ऑगस्ट १९९४ मध्ये झाला, सुमारे पाच कोटी डॉलर खर्चून, आणि विमानतळ २८ फेब्रुवारी १९९५ रोजी उघडला. म्हणजे या उपायाला साधारण सात महिने लागले. मूळ तारखेतून सात महिने मागे गेले की मार्च १९९३ची अखेर येते. हा अंदाज ढोबळ आहे. १९९३ मध्ये बांधकाम चालू असताना तेच काम जास्त लांबले असते, म्हणून मुदत आणखी अलीकडची नव्हे, आणखी आधीची धरावी. तरी करार झाल्यावरही हा मार्ग जवळजवळ वर्षभर मोकळा होता. जोखीम एक, उपाय दोन, आणि मुदती दोन. यातून निघणारा निष्कर्ष पाठ्यपुस्तके पुरेसा स्पष्ट करत नाहीत: तातडी हा जोखमीचा गुण नाहीच, जोखीम आणि उपाय यांच्या जोडीचा आहे. उपाय न ठरवता तातडी ठरवणे म्हणजे हवेत तारीख लिहिणे. म्हणून तातडीच्या रकान्यात 'जास्त', 'मध्यम', 'कमी' असे शब्द नकोत; हा उपाय अमुक तारखेनंतर सुरू केला तर उपयोगाचा नाही, अशी तारीख हवी. ती तारीख जोखीम बसण्याच्या अंदाजे दिवसातून उपायाला लागणारा वेळ आणि मंजुरीला लागणारा वेळ वजा करून मिळते. मंजुरीचा वेळ हमखास विसरला जातो.

यावर पहिला आक्षेप असा, की हे मागाहून सुचलेले शहाणपण आहे. अंशतः खरे. पण वरच्या वजाबाकीला लागणारे आकडे तेव्हाच हाती होते: बोली लावणारे मुदत अशक्य असल्याचे सांगत होते आणि म्युनिकची चाचणी करार होण्यापूर्वीच चालू होती. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तारखेवर क्रम लावला तर क्षुल्लक जोखमी केवळ त्यांची मुदत उद्या संपते म्हणून वर चढतील आणि मोठे धोके मागे राहतील. हे टाळायचे तर शक्यता-परिणामाचा तक्ता आधी चाळणी म्हणून वापरावा. ठरावीक पातळीखालच्या नोंदी तिथेच थांबाव्यात आणि वर राहिलेल्यांचा क्रम तारखेने लागावा. काही जण तातडीलाही एक ते पाच अंक देऊन तिन्हींचा गुणाकार करतात. तो मला मान्य नाही. हे अंक केवळ क्रम सांगणारे आहेत, मापे नव्हेत. शिवाय गुणाकारात मोठा परिणाम आणि लांबची मुदत यांची भरपाई एकमेकांतून होते, आणि जी तारीख टळू द्यायची नव्हती तीच आकड्यात विरघळते.

चाळणीला एक अपवाद मात्र ठेवावा लागतो, आणि तिथे आरबीएस पुन्हा कामाला येते. डेन्व्हरला विमान कंपन्या उशिरापर्यंत बदल मागत राहिल्या, स्कीसारख्या अवजड सामानाच्या सोयी वाढवाव्या लागल्या. आखून झालेल्या बोगद्यांत रूळ बसवताना वळणे आखूड पडली. त्याच जागेत इतर ठेकेदारांची कामे आडवी आली. या नोंदी वेगवेगळ्या लिहिल्या तर एक गिऱ्हाइकाची, एक तंत्राची, एक समन्वयाची अशी दिसते, आणि त्यातली एखादी लहान म्हणून चाळणीतून गळूनही पडते. उगमाकडे नीट पाहिले तर तिन्ही एकाच फांदीवर येतात: संपूर्ण विमानतळाची एकच यंत्रणा करण्याचा निर्णय इमारतीनंतर झाला. म्हणून चाळणी नोंदीला लावण्याआधी फांदीला लावावी. फांदीची बेरीज पातळीवर गेली तर तिच्यावरच्या बारीक नोंदीही आत राहाव्यात, आणि फांदीच्या मुळावर चालणाऱ्या उपायाची स्वतंत्र तारीख काढावी. ती बहुतेक वेळा सुट्या उपायांच्या तारखांपेक्षा आधीची निघते, कारण मुळाशी बदल करायला करार, आराखडा किंवा उद्घाटनाचा दिवस हलवावा लागतो. पाक्षिक आढाव्यात कुठल्या तारखा टळल्या हे पहिल्यांदा विचारावे. टळलेल्या तारखेची नोंद त्याच उपायासह पुढच्या पानावर उतरवू नये. तिथे तो उपाय खोडून पुढचा लिहावा, त्याची मुदत नव्याने काढावी, आणि दुसरा उपाय उरलाच नसेल तर नुकसानीसाठी रक्कम बाजूला काढून ते वरिष्ठांना त्याच दिवशी कळवावे.