कागदावरचं कूळ

दापोलीतलं एक घर. अंगणात पाचोळा साचलाय, कडीला गंजलेलं कुलूप आहे. मालक पुण्यात स्वतःच्या घरात राहतात. नाशिकला वडिलांचं घर आहे, तेही त्यांच्याच नावावर. दापोलीला ते मे महिन्यात आठवडाभर जातात. घर कधी भाड्यानं दिलं नाही, देणारही नाहीत. तरीही आयकराच्या विवरणपत्रात या घराचं भाडं जमा धरावं लागतं. प्राप्तिकर कायद्याच्या लेखी तिथे एक कूळ नांदतं आहे.

या कुळाचा जन्म इंग्लंडातला. तिथे गोरगरिबांच्या पोटापाण्यासाठी गावोगावी घरांवर पट्टी बसवत. पण जो स्वतःच्याच घरात राहतो, त्याच्यावर किती बसवायची? 1836 च्या कायद्यानं त्यावर तोडगा काढला: घर वर्षागणिक भाड्यानं दिलं असतं तर वाजवीपणे जेवढं भाडं अपेक्षित धरता आलं असतं, तो आकडा धरा. खरा भाडेकरू नसेल तर कल्पनेतला उभा करा. इंग्लंडच्या आयकरातही 1803 पासून ‘अनुसूची अ’ होती. तिच्याखाली स्वतःच्या घरात राहणाराही घराच्या वार्षिक मूल्यावर कर भरत असे.

हे कूळ बोटीनं मुंबईला आलं. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात घरपट्टीसाठी जवळपास तीच शब्दयोजना आहे. 1922 च्या भारतीय आयकर कायद्याच्या कलम 9 मध्ये ती पुन्हा आली. तिथे मालकाला एक सवलत होती की स्वतः राहत्या घराचं मूल्य त्याच्या एकूण उत्पन्नाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त धरायचं नाही. पुढे 1961 च्या कायद्यात कलम 22 आणि 23 आली. कर बसला तो भाड्यावर नव्हे, घराच्या ‘वार्षिक मूल्या’वर.

न मिळालेल्या पैशावर कर का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. भगवानदास जैन खटल्यात (1981) मालकाचं म्हणणं असं होतं की राहत्या घरातून उत्पन्नच नाही; म्हणजे हा घरावरचा कर झाला आणि तो लावण्याचा अधिकार राज्यांचा, केंद्राचा नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. मालमत्ता स्वतः वापरून माणूस जे वाचवतो, तेही उत्पन्नच, असं त्यानं ठरवलं.

त्यामागचा हिशेब सोपा आहे. दोघांकडे सारखीच रक्कम आहे. एक ती बँकेत ठेवतो, व्याजावर कर भरतो आणि उरलेल्यातून घरभाडं देतो. दुसरा त्याच रकमेचं घर घेऊन राहतो. त्याला व्याज नाही आणि भाडंही द्यावं लागत नाही. फक्त हातात आलेल्या पैशावर कर लावला तर पहिला भरडला जातो आणि दुसरा सुटतो.

पण डोक्यावरच्या छपरावर कर ही गोष्ट कोणालाच रुचली नाही. ब्रिटननं 1963 मध्ये राहत्या घराला त्यातून सोडलं. भारतात 1980 च्या दशकात एका राहत्या घराचं मूल्य शून्य झालं. दुसऱ्या घरात मात्र ते काल्पनिक कूळ राहिलं. 2019 च्या अंतरिम अर्थसंकल्पानं तेही सोडवलं, आणि 2025 च्या दुरुस्तीनं अटी आणखी सैल केल्या. आता कोणत्याही कारणानं मालक तिथे राहू शकत नसला तरी दोन घरांचं मूल्य शून्यच. कोणती दोन, हे मालकानं ठरवायचं.

म्हणून पुण्याच्या मालकांनी पुणे आणि नाशिक निवडलं, कारण भाडं दापोलीलाच कमी येईल. तिथे महिना दहा हजार धरले तर वर्षाचे 1,20,000. प्रत्यक्ष भरलेली 6,000 रुपयांची घरपट्टी वजा केली की 1,14,000 उरतात. त्यातून दुरुस्तीबिरुस्तीसाठी सरसकट 30 टक्के, म्हणजे 34,200 जातात. पावती दाखवावी लागत नाही. उरलेले 79,800 उत्पन्नात मिळवायचे. मालक वीस टक्क्यांच्या टप्प्यात असतील तर उपकरासह सुमारे 16,600 रुपये कर. घरपट्टी थकवली असेल तर ती वजाही होत नाही.

खरी वादाची जागा ते दहा हजार. ते कुठून आणायचे? अधिकारी कधी शेजारच्या फ्लॅटचं भाडं बघतो, कधी घराच्या किमतीवर टक्केवारी लावतो. मुंबई उच्च न्यायालयानं टिप टॉप टायपोग्राफी प्रकरणात (2014) पालिकेचं मूल्यांकन हा एक भरवशाचा आधार मानला. भाडेनियंत्रण लागू असलेल्या घरांबाबत तर सर्वोच्च न्यायालयानं शीला कौशिश प्रकरणातच (1981) सांगितलं होतं की प्रमाण भाडं हीच वरची मर्यादा. म्हणजे खऱ्या कुळाकडून कायद्यानं जास्त घेता येत नसेल, तर काल्पनिक कुळाकडूनही घेता येत नाही.

2026 च्या एप्रिलपासून नवा आयकर कायदा लागू. कलमांचे आकडे बदलले, भाषा सुटसुटीत झाली, पण वाजवीपणे अपेक्षित भाड्याची ती जुनी कसोटी त्यातही आहे. दापोलीच्या घरातलं ते कूळ अजून तिथेच आहे, आणि मालक त्याचं भाडं दर वर्षी जुलैअखेरपर्यंत लिहून देतात.